हद्दीच्या आत की बाहेर?

हजेरीचे अ‍ॅप नकाशावर कार्यालयाभोवती वर्तुळ आखते, समजा 100 मीटर त्रिज्येचे. बटण दाबताच फोन आपले ठिकाण कळवतो आणि त्यात किती मीटरची चूक असू शकते, तेही सांगतो. इमारतीत उपग्रहांचे सिग्नल क्षीण होतात आणि ही चूक वाढते. समजा, केंद्रापासूनचे अंतर 130 मीटर आले आणि संभाव्य चूक 60 मीटर आहे. म्हणजे कर्मचारी प्रत्यक्षात 70 मीटरवर, स्वतःच्या टेबलापाशीही असू शकतो. नुसते अंतर पाहणारे अ‍ॅप मात्र त्याला बाहेर ठरवते. हा सरळ अन्याय आहे. उलट, खालच्या चहाच्या टपरीवरचा माणूस वर्तुळात असल्याने हजर ठरतो. हजेरी नाकारली गेली, तर वाय-फाय चालू करा, खिडकीजवळ जाऊन पुन्हा नोंदवा आणि नकाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.