लेखनिकाच्या प्रशस्तिपत्रकात काय लिहावे?

दृष्टिहीन विद्यार्थी तोंडी सांगतो ती उत्तरे परीक्षेत उतरवून घेणाऱ्याला लेखनिक म्हणतात. हे काम बहुधा खालच्या वर्गातले मूल करते आणि शाळा-महाविद्यालये त्याला प्रशस्तिपत्रक देतात. त्यावरचा मजकूर मात्र ठरीव असतो: ‘सामाजिक उपक्रमात बहुमोल योगदान दिल्याबद्दल गौरविण्यात येत आहे. उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा!’ हाच मजकूर वृक्षारोपणालाही चालतो आणि रांगोळी स्पर्धेलाही. त्यावरून त्या मुलाने काय केले ते कळत नाही.

आडव्या ए-फोर कागदावर संस्थेचे नाव, बोधचिन्ह, सह्या आणि शिक्का यांना जागा दिली की मजकुरासाठी चार-पाच ओळीच उरतात. म्हणजे तीस-चाळीस शब्द. त्याहून जास्त लिहिले तर अक्षर बारीक करावे लागते, आणि भिंतीवर लावल्यावर ते वाचता येत नाही. तेव्हा ‘बहुमोल’, ‘निःस्वार्थ’, ‘मोलाचे’ ही विशेषणे आधी काढावीत. ती गेली की काम, काळ आणि एखादा ठोस तपशील सहज बसतो. उदाहरणार्थ:

‘कु. ______ (इयत्ता अकरावी) यांनी फेब्रुवारी-मार्च 2025 च्या बारावीच्या परीक्षेत दृष्टिहीन परीक्षार्थीचे सहा पेपर लेखनिक म्हणून लिहिले. त्याआधी सरावासाठी दोन पेपरही सोबत सोडवले. या सहकार्याबद्दल महाविद्यालय त्यांचे मनःपूर्वक आभारी आहे.’

सरावाचे वाक्य यात सर्वांत कामाचे आहे. सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग आधी जुळला नसेल, तर तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळूनही पेपर अपुरा राहू शकतो. लेखनिकाने स्वतःची सुटी मोडून सराव केला, हे ‘निःस्वार्थ’ या शब्दापेक्षा त्या एका वाक्यातून अधिक कळते. ‘यांनी… लिहिले’ या रचनेचाही एक फायदा आहे: मुलगा असो वा मुलगी, क्रियापद बदलावे लागत नाही. एकाच साच्यात वीस नावे भरताना ही सोय मोठी.

काही गोष्टी मात्र छापू नयेत. परीक्षार्थीचे नाव आणि त्याला पडलेले गुण ही त्याची खासगी बाब. लेखनिकाच्या भिंतीवर ती लागण्याचे कारण नाही. ‘सांगितले तसेच प्रामाणिकपणे लिहिले’ हेही टाळावे. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक होते, पत्रक देणारे नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देता येत नाही. तासांचा आकडाही नोंद ठेवली असेल तरच घालावा.

बहुतेक घोळ होतो तो नावात. देवनागरीतले नाव इंग्रजी हजेरीपटावरून उतरवले की ‘साठे’चे ‘साथे’ होते, म्हणून ते मुलाकडूनच लिहून घ्यावे. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, तर जोडाक्षरे फुटतात किंवा भलतीच अक्षरे उमटतात. छपाईला पीडीएफ पाठवावी आणि आधी एक प्रत कागदावर काढून प्रत्येक नाव पडताळावे.