कोळंबीतला काळा दोरा : काढावा की खावा?

घरात कोळंबी आणली की हा प्रश्न निघतोच. पाठीतला काळा दोरा कोणी शीर म्हणतं, कोणी विषारी म्हणतं. एखाद्या कोळंबीत तो राहून गेला आणि पोराने खाल्ला, तर आईचा जीव घाबरा होतो.

तो दोरा शीर नाही. कोळंबीचं रक्त काळं नसतं, जवळजवळ बिनरंगी असतं. दोरा म्हणजे तिचं आतडं. डोक्यातल्या पोटापासून निघून ते पाठीतून शेपटीपर्यंत जातं. कोळंबीने खाल्लेलं शेवाळ, बारीक जीव, गाळ आणि रेती त्यात असते, म्हणून ते काळं दिसतं. आतडं रिकामं असेल तर दोरा दिसतही नाही. पोटाच्या बाजूला दिसणारी पांढरी दोरी वेगळी, ती मज्जातंतूची. ती काढायची गरज नाही.

नीट शिजलेल्या कोळंबीतला दोरा खाल्ला तर अपाय होत नाही, कारण आतड्यातले जंतू शिजताना मरतात. जवळा तर आपण आतड्यासकट अख्खाच खातो. मोठ्या कोळंबीचा दोरा काढायचा तो रेती दाताखाली कचकचते आणि चव कडवट लागते म्हणून. सोललेल्या कोळंबीच्या पाठीवर सुरीने उथळ चीर द्या, दोरा टोकाने उचला आणि हळूच ओढा. तुटला तर कोळंबी पाण्याखाली धुवा.

खरा धोका दुसरीकडे असतो. समजा, सकाळी नऊला कोळंबी घेतली, दुपारी एकपर्यंत ती पिशवीतच राहिली. मग प्रत्येक दोरा काढून कालवण केलं आणि रात्री घरात उलट्या-जुलाब सुरू झाले. दोरा तर एकही नव्हता. पण त्या चार तासांच्या उकाड्यात जंतू मांसावरही वाढले, आणि काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून कोळंबी बाजारातून शेवटी घ्या, बर्फ मागून घ्या, घरी आल्यावर लगेच साफ करून शिजवा. अमोनियासारखा उग्र वास येत असेल किंवा अंग बुळबुळीत लागत असेल, तर टाकून द्या. मांस आतपर्यंत पांढरं-गुलाबी झालं, कुठेही काचेसारखं पारदर्शक राहिलं नाही, की ती शिजली. कच्ची कोळंबी कापलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीचा कांदा चिरू नका.

कोळंबी खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी दोरा काढून पुन्हा खाऊन बघू नये. ती ॲलर्जी कोळंबीच्या मांसातल्या प्रथिनाची असते. शिजवून किंवा दोरा काढून ती टळत नाही. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकू लागला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.