शुक्राजवळ हर्षल आला की

पत्रिका जुळवताना एकाचा शुक्र दुसऱ्याच्या हर्षलाशी युतीत दिसला, की ज्योतिषी थबकतात. पहिल्या भेटीतच ओढ, महिनाभरात लग्नाची भाषा आणि मग अचानक आठ दिवस फोन नाही, असं हे नातं वाचलं जातं. शुक्र जवळीक मागतो आणि हर्षलाला बंधन सोसत नाही, असं ते मानतात.

पण हर्षल संथ ग्रह. सूर्याभोवती त्याची एक फेरी 84 वर्षांची, म्हणजे वर्षाला जेमतेम चार अंश. समजा, तिचा शुक्र तूळ राशीत 20 अंशांवर आहे आणि त्याचा जन्म 1978 चा. त्याचा हर्षल तिथेच आसपास सापडतो. पण त्याच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचाही तिथेच असतो!

एवढ्यावरून स्थळ नाकारणं अन्यायाचं. युती दोन-तीन अंशांच्या आत आहे का, शनी त्या शुक्राला धरून ठेवतो का, हे पाहूनच जाणकार बोलतात.