हात आधी खिशात जातो

वर्कशॉपमधली जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. डबा धुऊन ठेवला की फिटरचा हात आपोआप खिशात जातो. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिला चुन्याचं बोट, अंगठ्यानं मळणं, दोन थापट्या मारून भुकटी उडवणं आणि बार ओठाच्या आत. तेवढ्यात शेजारचा तळहात पुढे करतो आणि दोघं दाराशी उभे राहून पाच मिनिटं गप्पा मारतात. आजचा बार भरायचा हे कधी ठरवलं, असं त्याला विचारा. त्याला सांगता येणार नाही, कारण त्यानं ते ठरवलेलंच नसतं.

जेवण संपणं हा इशारा, मळून बार भरणं ही कृती आणि नंतरची तरतरी हा मोबदला. हे चक्र पुरेसं फिरलं की त्याचा कारभार मेंदूच्या आतल्या भागातल्या बेसल गँग्लियाकडे जातो आणि विचाराची गरज उरत नाही. शिवाय इशारा दिसताच मेंदू मोबदल्याची वाट पाहू लागतो. तलफ म्हणतात ती हीच.

इशाऱ्याची ताकद दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी केला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रपटगृहात काहींना ताजं पॉपकॉर्न दिलं, काहींना आठवडाभर शिळं. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही जवळपास तितकंच संपवलं. चव आवडली नाही, हे ते स्वतःच सांगत होते. सभागृहाऐवजी बैठकीच्या खोलीत बसवल्यावर मात्र शिळं पॉपकॉर्न कोणी फारसं खाल्लं नाही. आणि थिएटरातच, पण रोजच्या नव्हे तर दुसऱ्या हातानं खायला लावलं, तेव्हाही सवयीचा जोर ओसरला.

म्हणूनच ‘उद्यापासून तोंडात घालायचीच नाही’ हा निर्धार अनेकदा जेवणानंतर मोडतो. जेवण काही बंद करता येत नाही, म्हणजे इशारा रोज येणार. मोबदल्याची ओढ लागणार. मधली जागा मात्र मोकळी, आणि मोकळ्या जागेत हाताला एकच गोष्ट येते.

1973 मध्ये नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन यांनी नखं खाणं, चेहऱ्याचे झटके अशा सवयींवर जी पद्धत मांडली, तिनं ही जागा भरली. सवय नेमकी कुठून सुरू होते ते आधी पकडायचं, म्हणजे हात चेहऱ्याकडे उचलला जातो तो क्षण. मग लगेच अशी हालचाल करायची की जुनी होऊच शकणार नाही: मूठ आवळून काही मिनिटं धरायची. हाताला काहीतरी करायला दिलेलं असतं, हे त्यातलं शहाणपण.

आपल्या फिटरला हे कसं लागू होईल? आधी आठवडाभर वहीत प्रत्येक बाराची नोंद: वेळ, जागा, सोबत कोण, मन कसं होतं. समजा त्यातून जेवणानंतरचा, चहानंतरचा आणि साहेब बोलून गेल्यावरचा बार निघाला. आता प्रत्येकाचा मोबदला वेगळा तपासायचा. जेवणानंतर एक दिवस दाराशी नुसत्याच गप्पा, दुसऱ्या दिवशी एकट्यानं बडीशेप, तिसऱ्या दिवशी चूळ भरून आवाराला एक फेरी. पंधरा मिनिटांनी पाहायचं, तलफ तशीच आहे की मावळली? गप्पांनी मावळली तर हवी होती सोबत. मग एकट्यानं बडीशेप चघळण्यात अर्थ नाही, तीच बडीशेप मित्राबरोबर दाराशी खावी. तंबाखूची डबी मात्र खिशातून जायला हवी, कारण तीही इशाराच आहे. बडीशेपेला दुसरी डबी.

इथे एक खोट आहे, ती लपवू नये. तंबाखूच्या मोबदल्यात निकोटिनही असतं. चुन्यामुळे तोंडात क्षार वाढतो आणि निकोटिन गालाच्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं. बंद केल्यावरची चिडचिड आणि झोपमोड पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, पुढे काही आठवड्यांत कमी होते. त्यावर बडीशेप पुरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिन गम घेता येतो. तोही सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून झिणझिण्या आल्या की गालाशी दाबून ठेवायचा, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी टाळायची, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

बदली म्हणून सुपारी धरणारेही पुष्कळ भेटतात. ती अदलाबदल महागात पडते, कारण नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरलेली आहे.

आणि जुनी सवय पुसली गेली असं कधी धरू नये. गावच्या लग्नात, जुन्या मित्रांच्या घोळक्यात, चार महिन्यांनीही तळहात पुढे येऊ शकतो. तिथे वर्कशॉपचं दार नसतं, पण इशारा तोच असतो; म्हणून निघताना बडीशेपेची डबी भरून घ्यायची आणि मांडवात पहिल्यांदा तीच उघडायची.