‘फक्त गावाचे नाव बदलायचे आहे’: चित्रातील मजकूर बदलण्याचा दर आणि मुदत

चित्रावरचा मजकूर बदलून देण्याचे काम ग्राहक अक्षरांवर मोजतो: एक शब्द असेल तर काम लहान, चार ओळी असतील तर मोठे. प्रत्यक्षात कामाला लागणारा वेळ ठरतो तो अक्षरांच्या मागे काय आहे यावर. एकरंगी पट्टीवरचा चार ओळींचा पत्ता दहा-पंधरा मिनिटांत बदलतो, पण पैठणीच्या पदरावर छापलेला एकच आकडा पुसायला पाऊण तास जाऊ शकतो, कारण आकडा काढल्यावर त्याखालची नक्षी नव्याने जुळवावी लागते. त्यामुळे चित्र उघडून पाहण्याआधी फोनवर सांगितलेला दर हा केवळ अंदाज असतो. तो चुकला की फ्रीलान्सर तरी नुकसानीत जातो, नाहीतर ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागतात.

दर सांगण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न मूळ फाइलचा. फोटोशॉपची किंवा कोरलड्रॉची लेयर असलेली फाइल मिळाली, तर मजकूर वेगळा आणि पार्श्वभूमी वेगळी असते आणि बराचसा प्रश्न तिथेच सुटतो. कोरलच्या फाइलमध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करून ठेवलेला असेल तर तो टाइप करून बदलता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती अक्षरे राहिलेली नसतात, नुसते आकार असतात. तरीही जुने आकार काढून नवे ठेवणे सोपे जाते. अनेक ग्राहकांकडे मूळ फाइल नसते, पण ज्या फ्लेक्सवाल्याने किंवा छापखान्याने पहिले काम केले त्याच्याकडे ती पडून असते. ग्राहकाला एक फोन करायला सांगितल्याने त्याचे निम्मे पैसे वाचत असतील, तर तो सांगायलाच हवा. रास्त दराची सुरुवात इथूनच होते.

मूळ फाइल नसेल तर हाती येते ते बहुधा व्हॉट्सॲपवरून आलेले जेपीईजी. फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सॲप लहान करते आणि दाबतेही. तेच चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. जेपीईजी चित्राला आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत विभागून दाबते, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती बारीक मळकट ठिपके उठतात. अशा चित्रात जुना शब्द झाकून स्वच्छ रंगाचा पट्टा भरला, की तो पट्टाच डोळ्यात भरतो, कारण आजूबाजूचे सगळे खरखरीत आणि तो तेवढा गुळगुळीत दिसतो. मग त्या जागेत मुद्दाम थोडी खरखर मिसळावी लागते. छपाईसाठी तर अशी फाइल बहुतेक वेळा अपुरीच पडते. ए4 आकाराला 300 डीपीआयने छापायचे, तर साधारण 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. मिळालेले चित्र त्याच्या निम्मे असेल, तर मजकूर बदलून मिळेल पण छपाई धूसर येईल, हे दर सांगतानाच ग्राहकाच्या कानावर घातले पाहिजे.

यानंतर चित्र दुपटीने मोठे करून पाच मिनिटे नीट पाहायचे. पाहायच्या गोष्टी तीन. पहिली पार्श्वभूमी: ती एकरंगी आहे, एका रंगातून दुसऱ्या रंगात उतरत जाते, की तिच्यात कापड, लाकूड, चेहरा असे काही आहे. दुसरी फॉन्ट. इंग्रजी अक्षरांचा फॉन्ट ओळखणारी साधने सहज मिळतात, मराठीला मात्र अनुभवी नजरच लागते. श, ल, अ, ण यांची वळणे पाहून जवळचा फॉन्ट शोधावा लागतो. जुनी मराठी चित्रे बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या प्रणालीतल्या फॉन्टमध्ये असतात आणि त्यांचा कळफलक युनिकोडपेक्षा वेगळा असतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-मांडणी सुरू केलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. कधी कधी फॉन्ट शोधण्याची गरजच पडत नाही. 2024 चे 2025 करायचे असेल आणि त्याच वळणाचा 5 खालच्या फोन नंबरात असेल, तर तोच उचलून योग्य मापात बसवता येतो. असा आकडा चित्रात आहे का, हे पाहण्यात गेलेले एक मिनिट पुढचा अर्धा तास वाचवते.

तिसरी गोष्ट जागा, आणि दर सर्वांत जास्त चुकतो तो इथेच. नवा शब्द जुन्या शब्दाच्या जागेत मावतो का, हे मोजून पाहावे लागते. 2023 मध्ये औरंगाबादचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा दुकाने, शिकवणी वर्ग, हॉटेले यांच्या जुन्या चित्रांवरचा पत्ता बदलण्याची वेळ आली. ग्राहकाच्या दृष्टीने एक नाव काढून दुसरे घालायचे एवढेच काम. पण एका शब्दाच्या जागी दोन शब्द येतात, ते दुपटीहून लांब असतात आणि ओळ कडेबाहेर जाते. मग अक्षरे लहान करायची, पत्ता दोन ओळींत मोडायचा, की शेजारचा फोन नंबर सरकवायचा, हा निर्णय घ्यावा लागतो. तो घेतला की काम एका शब्दापुरते राहत नाही, ओळीची सगळी मांडणी बदलते.

दराचा पाया तासाचा असावा, ग्राहकाला मात्र पूर्ण कामाची ठरलेली रक्कम सांगावी. तासाचा हिशेब ग्राहकाला पडताळता येत नाही आणि काम लांबले तर बिल किती होईल या धास्तीत तो राहतो. फ्रीलान्सरने आपला तासाचा दर घरी बसून एकदाच काढायचा. समजा, घरखर्च, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे भाडे आणि संगणकाची झीज धरून महिन्याला 45,000 रुपये लागतात. महिन्याचे कामाचे दिवस 25, पण दिवसभर बसूनही बिल लावता येईल असे तास चारच मिळतात. बाकीचा वेळ निरोप, शोधाशोध आणि वसुली यांत जातो. म्हणजे महिन्याला 100 तास आणि तासाला 450 रुपये. नवे फ्रीलान्सर आठ तासांनी भागून दर निम्म्यावर आणतात आणि महिनाअखेरीस पैसे का पुरत नाहीत हे त्यांना कळत नाही.

याच हिशेबातून किमान आकारणी ठरते. बदल पाच मिनिटांचा असला तरी निरोप वाचणे, फाइल उतरवणे, मजकूर तपासणे, चित्र परत पाठवणे आणि पैसे आल्याची खात्री करणे यात वीस-पंचवीस मिनिटे जातातच. एकूण अर्धा तास धरला तर 225 रुपये होतात. म्हणून 250 रुपयांखाली काम न घेणे योग्य. मात्र एकाच वेळी चार चित्रे आली, तर ही वरकड मिनिटे चार वेळा लावणे बरोबर नाही.

एक काम पूर्ण हिशेबासह पाहू. एका शिकवणी वर्गाकडून सहा चित्रे आली आहेत आणि सगळ्यांवर शहराचे नाव बदलायचे आहे. चार चित्रांत पत्ता निळ्या एकरंगी पट्टीवर, एकाच फॉन्टमध्ये आहे. पहिल्या चित्राला फॉन्ट जुळवून दोन ओळींची मांडणी ठरवण्यासाठी 25 मिनिटे, उरलेल्या तिघांना प्रत्येकी 10, एकूण 55 मिनिटे. पाचव्यात पत्ता लाकडी फळ्याच्या चित्रावर आहे. लाकडाच्या रेषा नव्याने जुळवायच्या, त्याला 45 मिनिटे. सहावे चित्र वर्गाच्या पाटीचा तिरका फोटो आहे आणि पाटीच्या निम्म्या भागावर ऊन पडलेले आहे. तिथे नवी अक्षरे त्याच कलाने तिरकी करावी लागतात, उन्हातली अक्षरे फिकी आणि सावलीतली गडद ठेवावी लागतात, कडाही फोटोइतक्याच मऊ कराव्या लागतात. याला 70 मिनिटे. असे 170 मिनिटे काम झाले. निरोप आणि बिल यांची 30 मिनिटे, दुरुस्तीच्या एका फेरीची 20 आणि अडचणीसाठी राखलेली 20 धरून बेरीज 240 मिनिटे, म्हणजे चार तास. दर 1,800 रुपये. सहाव्या चित्राऐवजी पाटीवरच नवे नाव लागल्यावर नवा फोटो काढला, तर 70 मिनिटे वाचतात आणि दर सुमारे 500 रुपयांनी कमी होतो, हेही ग्राहकाला सांगावे. पुष्कळ ग्राहक तोच मार्ग निवडतील.

मुदतीचा हिशेब वेगळा असतो. चार तासांचे काम म्हणजे चार तासांत मिळणारे काम नव्हे. दिवसाचे बिल लागणारे तास चार, त्यांतले दोन आधीच्या कामाला दिलेले असतील, तर हे काम दोन दिवसांवर जाते आणि ग्राहकाने नमुना पाहून होकार देण्याला आणखी अर्धा दिवस लागतो. त्यामुळे रास्त मुदत तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची. मुदत कधीपासून मोजायची हेही लिहून द्यावे लागते: सर्व चित्रे, टाइप केलेला अंतिम मजकूर आणि आगाऊ रक्कम यांपैकी जे शेवटी पोहोचेल तिथपासून. मजकूर फोनवर ऐकून घेऊ नये. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ आणि फोन नंबरातला एखादा आकडा हमखास तिथेच चुकतो. काम त्याच दिवशी हवे असेल आणि त्यासाठी दुसऱ्याचे काम मागे ढकलावे लागत असेल, तर दीडपट दर सांगणे रास्त आहे. हात मोकळे असताना नुसत्या घाईचे पैसे घेणे रास्त नाही.

हे सगळे एका छोट्या निरोपात मावते:

‘सहा चित्रांवरचे शहराचे नाव बदलून देण्याचे एकूण 1,800 रुपये होतील. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली नमुना पसंत पडल्यावर. सर्व फाइल आणि टाइप केलेला पत्ता सोमवारी दुपारपर्यंत आला, तर मंगळवारी संध्याकाळी नमुना आणि बुधवारी सहापर्यंत अंतिम फाइल मिळेल. एक दुरुस्ती यात धरली आहे. पाठवलेल्या मजकुरातच बदल झाल्यास प्रत्येक चित्राला 100 रुपये जास्त होतील. माझ्याकडून झालेली चूक विनामूल्य दुरुस्त करून देईन.’

शेवटची दोन वाक्ये वगळू नयेत, कारण नंतरचे बहुतेक वाद त्यांच्याच अभावी होतात. नमुना लहान आकारात आणि त्यावर फिकट खूण टाकून पाठवावा. काम संपले की प्रत्यक्ष लागलेली मिनिटे अंदाजाशेजारी वहीत लिहावीत. तिरक्या फोटोंना दर वेळी दीडपट वेळ लागतो असे दिसले, तर पुढच्या वेळी 70 ऐवजी 105 मिनिटे धरावीत. मात्र या वेळचा तोटा ग्राहकाकडे मागू नये, कारण रक्कम ठरवून दिलेली होती.

काही कामांना दर नसतोच. गुणपत्रिका, भाडेपावती, बँकेची स्लिप, आधार कार्ड यांवरचे नाव, तारीख किंवा रक्कम बदलून मागणारा निरोपही ‘एक छोटासा बदल’ म्हणूनच येतो आणि बरेचदा जास्त पैसे देऊ करतो. फसवणुकीच्या हेतूने खोटा दस्तऐवज तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली गुन्हा आहे आणि तो इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजालाही लागू होतो. अशा कामाला फ्रीलान्सरने लेखी नकार द्यावा आणि ती फाइल आपल्याकडे ठेवू नये.