शिकायला निघालेल्या फ्रंट ऑफिस सुपरवायझरचा राजीनामा

हॉटेलातल्या फ्रंट ऑफिस सुपरवायझरचा राजीनामा अर्ध्या पानात मावतो. त्यात सर्वांत जास्त विचार करून लिहायची गोष्ट म्हणजे कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख. रिसेप्शन चोवीस तास, तीन शिफ्टमध्ये चालते आणि ड्यूटी रोस्टर आधीच लागलेला असतो. सुपरवायझर अचानक गेला, तर कोणाला तरी सलग दोन शिफ्ट कराव्या लागतात. राजीनाम्यानंतर हॉटेलात कटुता आली, तर तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

ही तारीख नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या मुदतीवरून ठरते. मुंबईतल्या एखाद्या हॉटेलातल्या सुपरवायझरचे उदाहरण घेऊ. हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम १ ऑगस्टला सुरू होणार आहे आणि नोटीस ३० दिवसांची आहे. २० जूनला पत्र दिले आणि मुदत दुसऱ्या दिवसापासून मोजली, तर ती २० जुलैला पुरी होते. मुदतीत साप्ताहिक सुट्ट्याही धरल्या जातात. कागदपत्रांची पडताळणी, फी आणि वसतिगृह यांसाठी मग दहा-अकरा दिवस हाती राहतात. तेच पत्र १० जुलैला दिले, तर मुदत ९ ऑगस्टपर्यंत जाते. ३१ जुलैला काम सोडायचे म्हटले, की ९ दिवस कमी पडतात. महिन्याचा पगार ३०,००० रुपये असेल आणि नेमणूकपत्रात पूर्ण पगारावर भरपाई लिहिलेली असेल, तर तीस दिवसांच्या हिशेबाने ९,००० रुपये कापले जातात. काही ठिकाणी फक्त मूळ वेतन धरतात. म्हणून ते कलम आधी वाचावे. शिल्लक रजा नोटिशीत वळती होईल असेही गृहीत धरू नये. ते हॉटेलच्या नियमांवर आणि मंजुरीवर अवलंबून असते.

प्रवेश पक्का होण्याआधी पत्र देण्याची घाई नडते. ‘प्रवेश मिळाल्यास नोकरी सोडेन’ असे लिहिले, तर तो राजीनामा ठरत नाही, नुसती पूर्वसूचना ठरते. उलट, साधे पत्र देऊन ते मंजूर झाले आणि मग प्रवेश हुकला, तर परत रुजू होणे व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहते. शिकून त्याच हॉटेलात परतायचे असेल, तर बिनपगारी शैक्षणिक रजेचा वेगळा अर्ज करावा. राजीनाम्यात ती विनंती मिसळली, की दोन्ही अर्ज संदिग्ध होतात. हॉटेलच्या खर्चाने प्रशिक्षण घेताना करार केला असेल, तर त्याची मुदत संपली आहे की नाही हेही तपासावे.

पत्र फ्रंट ऑफिस मॅनेजरच्या नावाने लिहितात आणि त्याची प्रत एचआर विभागाला देतात. ते ईमेलने पाठवले, तर दिलेल्या दिवसाची नोंद आपोआप राहते. मजकूर एवढा पुरतो:

‘मी फ्रंट ऑफिस सुपरवायझर या पदाचा राजीनामा देत आहे. हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला माझा प्रवेश निश्चित झाला असून तो १ ऑगस्टपासून सुरू होत आहे. नेमणूकपत्रातील ३० दिवसांच्या नोटिशीनुसार २० जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत माझ्या शिफ्टचे काम आणि कॅश फ्लोट मी नेमून दिलेल्या व्यक्तीकडे सोपवीन. कृपया राजीनामा मंजूर करून कार्यमुक्तीचे पत्र व अनुभवपत्र द्यावे, ही विनंती.’

कारण एका वाक्यात आले, ते पुरेसे आहे. अभ्यासक्रमाचा उल्लेख केल्याने माणूस शेजारच्या हॉटेलात चाललेला नाही हे स्पष्ट होते, आणि पुढे शिफारस मागणे सोपे जाते. पगार, बढती किंवा वरिष्ठांविषयीच्या तक्रारी या पत्रात येऊ नयेत, कारण हा कागद कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये कायम राहतो. तक्रार खरी असेल, तर ती एचआरकडे स्वतंत्रपणे मांडावी.

पत्रातले ‘सोपवीन’ प्रत्यक्षात आणायला नोटिशीचा शेवटचा आठवडा लागतो. कॅश फ्लोट, म्हणजे काउंटरवर सुट्ट्यांसाठी ठेवलेली ठरावीक रक्कम, दोघांनी मिळून मोजावी आणि सही घ्यावी. सही नसेल, तर नंतर निघालेली तूट गेलेल्या माणसाच्या नावावर येऊ शकते. मास्टर की परत केल्याची नोंदही अशीच रजिस्टरमध्ये करावी. न मिटलेली कंपन्यांची बिले, येणाऱ्या ग्रुपची बुकिंग आणि नेहमीच्या पाहुण्यांना दिलेले शब्द लॉगबुकात लिहावेत; तोंडी सांगितलेले शिफ्ट बदलताच हरवते. हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधला स्वतःचा लॉगिन शेवटच्या दिवशी बंद करून घ्यावा, कारण त्यावरून दिलेली प्रत्येक सवलत आणि रद्द केलेले प्रत्येक बिल त्याच्याच नावावर नोंदले जाते. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे ऑनलाइन कळवावी लागते. हे काम सुपरवायझरकडे असेल, तर नव्या माणसाने ते आधी त्याच्यासमोर करून पाहावे.

अंतिम हिशेबाआधी सर्व विभागांच्या ना-हरकत सह्या लागतात. गणवेश, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली राहून गेली, की सही अडते आणि तिच्यामुळे पैसे व कार्यमुक्तीचे पत्रही रेंगाळते.