साठाव्या सेकंदाला तुटणारी जोडणी

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कांद्याचे भाव दाखवणारा मोठा पडदा बसवला होता. लिलावात ट्रॅक्टरचा भाव ठरला की दोन सेकंदांच्या आत क्विंटलमागचा आकडा पडद्यावर दिसायचा, आणि तोच आकडा व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर आणि कचेरीतल्या संगणकावरही जायचा. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणी चालू असल्याचा हिरवा ठिपका होता. हा ठिपका अधूनमधून लाल व्हायला लागला आणि तक्रार आमच्याकडे आली, कारण प्रणाली आम्ही लिहिली होती.

इंटरनेट खराब असेल, असं सगळ्यांना वाटलं. मात्र पडद्याची देखभाल करणाऱ्या काकांनी एक गोष्ट टिपली होती. ते म्हणाले, "साहेब, लिलाव जोरात चालू असला की हे नीट चालतं. जेवणाची सुट्टी झाली की बिघडतं." इंटरनेट खराब असतं तर गर्दीच्या वेळी जास्त त्रास झाला असता. इथे उलट घडत होतं. काम नसताना जोडणी तुटत होती, आणि सारं उत्तर त्या एका निरीक्षणात होतं.

आपण एखादं पान उघडतो तेव्हा ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो आणि व्यवहार संपतो. भावाच्या पडद्याला हे पुरत नाही, कारण नवा भाव कधी ठरेल हे ब्राउझरला ठाऊक नसतं. सर्व्हरनेच आपणहून कळवायला हवं. त्यासाठी वेबसॉकेट ही पद्धत आहे. तिचं प्रमाणित रूप 2011 च्या डिसेंबरात आलं. सुरुवात साध्या मागणीनेच होते. ब्राउझर "आता वेबसॉकेटवर बोलू" असं सुचवतो, सर्व्हर 101 या क्रमांकाचं उत्तर देऊन होकार देतो, आणि तिथून पुढे तीच जोडणी दोन्ही बाजूंनी खुली राहते. कोणीही, केव्हाही बोलावं. कोणी किती वेळ गप्प राहावं याला मात्र या नियमावलीत काहीच मर्यादा नाही.

मर्यादा मध्ये बसलेल्याकडे असते. आमचे सर्व्हर दोन होते आणि त्यांच्यापुढे एनजिनएक्स हा लोड बॅलन्सर होता. येणारी प्रत्येक जोडणी तो दोघांपैकी एकाकडे सोपवतो. वरून ही एक सलग तार वाटते, पण प्रत्यक्षात तुकडे दोन असतात. एक जोडणी ब्राउझर ते बॅलन्सर, दुसरी बॅलन्सर ते सर्व्हर. बॅलन्सर एकीकडचं घेऊन दुसरीकडे देतो. अशा हजारो जोड्या सांभाळायच्या तर प्रत्येकीसाठी थोडी स्मृती अडकून पडते.

आता त्याच्या जागी उभं राहून पाहा. एका जोडणीवर बराच वेळ काहीच आलेलं नाही. समोरच्याकडे सांगण्यासारखं काही नाही म्हणून तो गप्प आहे, की त्याची वीजच गेली आहे? बॅलन्सरला हे कळायला मार्ग नाही. कोणी रीतसर निरोप घेतला तर तसा संदेश येतो, पण राउटरची वायर उपटली तर कोणताच संदेश येत नाही. दोन्ही वेळी दिसते ती शांतताच. म्हणून तो घड्याळ लावतो आणि ठरलेल्या वेळात काही आलं नाही, तर जोडणी मेली असं धरून ती बंद करतो. एनजिनएक्समध्ये हा मुदतीचा आकडा मुळात 60 सेकंद असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची मूळ मुदतही 60 सेकंदच आहे. "दर मिनिटाला तुटतं" ही तक्रार इतक्या ठिकाणी, इतक्या एकसारख्या शब्दांत ऐकू येते, ती यामुळेच.

संशय आला तरी खात्री हवी. दुपारच्या सुट्टीत आम्ही पडद्याच्या संगणकावर वेळा लिहून काढल्या. शेवटचा भाव आला 1 वाजून 2 मिनिटं 14 सेकंदांनी. जोडणी तुटली 1 वाजून 3 मिनिटं 14 सेकंदांनी. एका सेकंदाने ती पुन्हा जुळली, सर्व्हरने सध्याचा भाव पाठवला आणि पुन्हा शांतता. पुढची तूट 1 वाजून 4 मिनिटं 15 सेकंदांनी, म्हणजे बरोबर साठ सेकंदांनी. खराब इंटरनेट इतकं शिस्तीत वागत नाही. तुटण्याच्या वेळा घड्याळासारख्या पडत असतील, तर कुठेतरी खरोखरच घड्याळ लावलेलं असतं.

ब्राउझरने तुटण्याचं कारण 1006 या क्रमांकाने नोंदवलं होतं. हा क्रमांक समोरून येत नाही. निरोपाचा संदेश न मिळताच जोडणी संपली, तर ब्राउझर तो स्वतः लिहितो. म्हणजे आमच्या सर्व्हरने "बंद करतो" असं म्हटलंच नव्हतं. मग बॅलन्सर वगळून आम्ही सर्व्हरला थेट जोडून पाहिलं. तासभर गप्प राहूनही ती जोडणी तुटली नाही. शेवटचा पुरावा एनजिनएक्सच्या नोंदवहीत होता:

```
upstream timed out (110: Connection timed out)
while proxying upgraded connection
```

मागच्या सर्व्हरकडून मुदतीत काही आलं नाही, असा याचा अर्थ.

कारण कळलं की पहिला मोह असतो मुदत वाढवण्याचा. `proxy_read_timeout` पुढे 60 सेकंदांऐवजी एक तास लिहिला की लाल ठिपका गायब होईल. पण मग ज्या मोबाइलचं नेटवर्क गेलं, त्याची मेलेली जोडणीही तासभर जिवंत म्हणून मोजली जाईल. शिवाय वाटेत घड्याळ लावणारा बॅलन्सर एकटाच नसतो. कचेरीतला राउटर आणि मोबाइल कंपनीची यंत्रणाही शांत जोडण्या आपापल्या हिशेबाने विसरतात, आणि त्यांचे आकडे आपल्या हातात नसतात.

आम्ही आधी दुसराच उपाय केला आणि त्यात फसलो. दर 45 सेकंदांनी ब्राउझरने सर्व्हरला एक छोटा संदेश पाठवायचा आणि सर्व्हरने त्याला उत्तर द्यायचं, असं ठरवलं. मोठा पडदा लगेच सुधारला. कचेरीतल्या संगणकावर मात्र जोडणी कधी टिकायची, कधी तुटायची. तिथे भावाचं पान उघडून लिपिक दुसऱ्या टॅबमध्ये काम करत. 2021 च्या क्रोम 88 पासून पाच मिनिटांहून जास्त झाकलेल्या पानाची घड्याळं मिनिटातून एकदाच चालवली जातात, म्हणजे बॅटरी वाचते. आमचे 45 सेकंद तिथे 60 होत होते, आणि समोर मुदतही 60 चीच. कधी संदेश आधी पोहोचायचा, कधी मुदत आधी संपायची.

म्हणून जोडणी जागी ठेवणारा हा ठोका सर्व्हरकडून द्यायचा. वेबसॉकेटच्या नियमावलीतच त्याची सोय आहे. सर्व्हर "पिंग" नावाची चिठ्ठी पाठवतो, ब्राउझर तिला "पाँग" असं उत्तर देतो. पानावरच्या प्रोग्रॅमला यात काहीच करावं लागत नाही; ब्राउझर स्वतःच उत्तर देतो, म्हणून झाकलेल्या टॅबचाही अडथळा येत नाही. रिकामी पिंग दोन बाइटची असते आणि पाँग सहा बाइटचं. वाटेतली वेष्टनं धरली तरी भार नगण्य. दोन्ही दिशांनी काहीतरी गेलं की मधल्या सगळ्यांची घड्याळं पुन्हा शून्यावर येतात.

टीसीपीची स्वतःचीही अशी एक चाचपणी आहे, पण तिचा इथे उपयोग नाही. ती प्रत्येक तुकड्यापुरतीच असते, बॅलन्सर ओलांडून जात नाही आणि तिच्यात मजकूर नसल्याने बॅलन्सरचं घड्याळ मागे फिरत नाही. शिवाय लिनक्समध्ये तिची पहिली चाचपणी मुळात दोन तासांनी होते.

पिंग किती वेळाने द्यावी? वाटेतल्या सर्वांत छोट्या मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळाने. आम्ही 25 सेकंद धरले. एखादी पिंग वाटेत रेंगाळली तरी दुसरी पन्नासाव्या सेकंदाला निघते आणि हाती दहा सेकंद उरतात. दर दोन सेकंदांनी पिंग देणंही बरं नाही, कारण प्रत्येक वेळी मोबाइलचा रेडिओ जागा होतो आणि बॅटरी खातो. मोठ्या प्रणालीत सर्व्हरचाही विचार करावा लागतो. दहा हजार जोडण्यांना 25 सेकंदांतून एकदा पिंग म्हणजे सेकंदाला चारशे, आणि त्या एकदम न सोडता पसरून सोडलेल्या बऱ्या. बॅलन्सरची मुदत आम्ही थोडीच वाढवली:

```
proxy_read_timeout 75s;
```

पिंग पाठवल्यावर पुढच्या पिंगची वेळ येईपर्यंत पाँग आलं नाही, तर सर्व्हर ती जोडणी सोडून देतो. मेलेल्यांची गर्दी अशी पन्नासेक सेकंदांत साफ होते.

एवढ्याने तूट थांबली, पण एक मोठा दोष उघडा पडला. एका दुपारी समितीतल्या राउटरची वीज गेली. सर्व्हरने पाँग न आल्यामुळे जोडणी सोडली. पडद्याला मात्र हे कळवणार कोण? तारच तुटलेली. त्यावर हिरवा ठिपका तसाच आणि खाली जुना भाव, जणू आत्ताच ठरलेला. ब्राउझर पिंगला परस्पर उत्तर देतो, ही त्याची सोय इथे अडचण ठरते. पिंग आली की थांबली, हे पानावरच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. तुटणारी जोडणी निदान तुटलेली दिसते. जिवंत भासणारी मेलेली जोडणी शेतकऱ्याला शिळा भाव खरा म्हणून दाखवते, आणि त्यावर तो माल विकायचा की थांबायचं हे ठरवतो.

म्हणून पिंगबरोबरच सर्व्हर आता दर 25 सेकंदांनी एक साधा संदेशही पाठवतो, ज्यात फक्त सर्व्हरची वेळ असते. हा संदेश प्रोग्रॅमला दिसतो. 60 सेकंद काहीच आलं नाही, तर पडदा भाव करडा करतो, तो किती वाजताचा होता ती वेळ लिहितो आणि जोडणी पुन्हा जुळवायला घेतो. सगळ्या उपकरणांनी एकदम सर्व्हरवर धडकू नये, म्हणून प्रत्येक जण थोडा वेगवेगळा वेळ थांबतो आणि अपयश आल्यास थांबणं वाढवत नेतो. जुळल्यावर आधी सध्याचा भाव मागतो, कारण मधल्या काळात सुटलेले संदेश वेबसॉकेट परत देत नाही.

ठोक्यांनी सगळंच टिकतं असं नाही. काही बॅलन्सर शांततेऐवजी जोडणीचं एकूण वय मोजतात. तिथे कितीही पिंग द्या, मुदत भरली की जोडणी जातेच. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवतानाही ती तुटते. त्यामुळे पुन्हा जुळणं हा प्रणालीचा रोजचा भाग धरूनच लिहावं लागतं.

आता जेवणाच्या सुट्टीत पडद्यावरचा भाव तासभर हलत नाही. त्याच्याखाली "1:27 पर्यंत ताजा" अशी ओळ असते आणि तिच्यातली वेळ मात्र पुढे सरकत राहते. ती सरकते आहे तोवर भाव खरोखरच बदललेला नाही, हे बाहेर ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला लांबूनही कळतं.